शब्दचर्चा : ‘स्क्रीन ऑन टाइम’, बॅटरी टिकते की पुरते?

राजारामपुरीकर : मोबाइलच्या परीक्षणांत ‘स्क्रीन ऑन टाइम’ हा शब्दप्रयोग सतत वाचायला मिळतो. तीन महिन्यांपूर्वी मी ५००० एमएएच बॅटरीचा एक फोन घेतला, तेव्हा त्याच्या परीक्षणात या शब्दापुढे १३ तास असा आकडा होता. काल सकाळी सहाला फोन १०० टक्क्यांवर होता आणि रात्री दहाला १५ टक्क्यांवर आला, पण बॅटरीच्या पानावर पडदा चालू राहिल्याचा वेळ फक्त ५ तास १० मिनिटे दिसला. माझे काम फिरतीचे आहे. सकाळी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत आणि दुपारनंतर गगनबावड्याच्या रस्त्याला. या शब्दाचा नेमका अर्थ काय आणि मराठीत त्याला काय म्हणावे, हे जाणकारांनी सांगावे.

मंगळवारपेठकर : आमच्या मुलाच्या फोनमध्ये रोज ७ तास स्क्रीन टाइम दिसतो आणि त्यावरून घरात रोज वादही होतो. म्हणजे त्याची बॅटरी आपल्यापेक्षा चांगली म्हणायची. फोन तर त्याच्या वडिलांचाच जुना आहे.

बावडेकर : सगळा फरक ब्राइटनेसचा आहे. परीक्षण करणारे ब्राइटनेस ५० टक्क्यांवर ठेवून फोन चालवतात. आपणही ती पट्टी मध्यावर ठेवा, १३ तास मिळतील.

गंगावेसकर : आधी मंगळवारपेठकर ताईंसाठी लिहितो. मुलाच्या फोनमध्ये दिसतो तो ‘स्क्रीन टाइम’ वापराची सवय मोजण्यासाठी असतो. तो मध्यरात्री शून्यावर येतो आणि फोन चार्जरला लावून वापरला तरी वाढतच राहतो, त्यामुळे त्यावरून बॅटरीविषयी काहीच कळत नाही. दोन शब्दांत ‘ऑन’ एवढाच फरक असल्यामुळे ही गल्लत अनेकांची होते.

बावडेकरांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. ब्राइटनेसचा वाटा मोठा आहे, पण पट्टीवरचे ५० टक्के हे माप नव्हे. एका फोनची मधली खूण दुसऱ्या फोनपेक्षा बरीच उजळ असू शकते. म्हणून काळजीपूर्वक परीक्षण करणारे उपकरणाने उजेड मोजून प्रत्येक फोन एकाच पातळीवर, बहुधा २०० निटवर, आणून ठेवतात. खोलीत वाचायला तेवढा उजेड पुरतो. शिरोलीत भर दुपारी फोन बाहेर काढला की तोच पडदा स्वयंचलित ब्राइटनेसमुळे कित्येक पट उजळतो आणि त्याची किंमत बॅटरी मोजते.

आता राजारामपुरीकरांच्या दिवसाचा हिशेब मांडू. पहिली गोष्ट, ५ तास १० मिनिटे हा आकडा ८५ टक्के बॅटरीचा आहे. काही चाचण्या फोन बंद पडेपर्यंत चालतात, काही आधीच थांबतात. पीसीमार्कची चाचणी २० टक्क्यांवर थांबते. ज्या चाचण्या शेवटपर्यंत चालतात, त्यांच्याशी तुलना करायची तर आपला आकडा पूर्ण बॅटरीवर नेला पाहिजे. तो साधारण ६ तास ५ मिनिटे होतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. चाचणीत पडदा एकदाही विझत नाही. आपल्या सोळा तासांत तो १० तास ५० मिनिटे विझलेला होता. त्या वेळात फोन खिशात असतो, पण मेल आणि संदेश आणत असतो, टॉवरशी संपर्क ठेवत असतो, आणि घाटाकडे रेंज कमी झाली की तोच संपर्क ठेवण्यासाठी जास्त शक्ती खर्च करतो. रात्री घरच्या वायफायवर आपला फोन किती उतरतो, हे पाहिले आहे का?

राजारामपुरीकर : अकरा ते सहा या सात तासांत ७ टक्के उतरतो.

गंगावेसकर : म्हणजे शांत पडून राहिल्यावर तासाला १ टक्का. फिरतीच्या दिवशी हा खर्च दुप्पट धरतो. हा अंदाज आहे, मोजमाप नव्हे. त्या हिशेबाने पडदा बंद असताना सुमारे २२ टक्के गेले आणि पडद्याच्या वाट्याला ६३ टक्केच उरले. ते ५ तास १० मिनिटांत संपले, म्हणजे तासाला १२ टक्क्यांच्या आसपास, आणि या वेगाने पूर्ण बॅटरी ८ तासांहून थोडी जास्त चालली असती. परीक्षणाच्या १३ तासांशी तुलना करायची असेल तर ती या आकड्याची करावी. उरलेला फरक ऊन, मोबाइल डेटा, नकाशा आणि कॅमेरा यांत शोधावा लागेल, कारण चाचणी बहुधा खोलीत बसून वायफायवर होते.

आणखी एक खोच आहे. आपण हॉटस्पॉट लावून लॅपटॉप चालवत असाल, तर त्या वेळी पडदा बंद असतो आणि बॅटरी मात्र भराभर उतरते. अशा दिवशी बॅटरी चांगली असूनही हा आकडा केविलवाणा दिसतो.

बावडेकर : मग लोक ११-१२ तासांचे स्क्रीनशॉट दाखवतात, ते खोटे असतात का?

गंगावेसकर : खोटे असतीलच असे नाही. दुपारी फोन अर्धा चार्ज केला तरी काही फोन मोजणी पुढे चालूच ठेवतात, आणि काही फोन शेवटच्या चार्जऐवजी मागच्या २४ तासांचा आकडा दाखवतात. आलेखात मध्येच वर चढणारी रेघ दिसली की तो स्क्रीनशॉट बाजूला ठेवावा. सुरुवातीचे आणि शेवटचे टक्के दिसत नसतील, तर त्या तासांना अर्थच उरत नाही.

शुक्रवारपेठकर : मी शब्दापुरतेच बोलते. वरच्या हिशेबात मला मराठीतल्या दोन क्रियापदांचा फरक दिसतो. बॅटरी ‘टिकते’ म्हणताना आपण वस्तूकडे पाहतो, तर ‘पुरते’ म्हणताना कशाला तरी पुरते, हे गृहीत असते. पीठ आठवडाभर टिकते, पण चार पाहुणे आले तर पुरत नाही. परीक्षण सांगते ते टिकणे आणि राजारामपुरीकर विचारतात ते पुरणे. इंग्रजीतला एकच शब्द या दोन्हींसाठी वापरल्यामुळे गोंधळ होतो. म्हणून चाचणीच्या आकड्याला ‘सलग-पडदा वेळ’ आणि मालकाच्या फोनवरच्या आकड्याला ‘पडदा-चालू वेळ’ म्हणावे, असे सुचवते.

बावडेकर : ‘पडदा’ म्हटले की मला नाट्यगृहाचा पडदा आठवतो. दुकानात जाऊन ‘पडदा-चालू वेळ किती?’ असे विचारले, तर दुकानदार चहा पाजून परत पाठवेल.

शुक्रवारपेठकर : चित्रपटाचा पडदा चालतो, मग मोबाइलचा का नको? तरीही बोलण्यात ‘स्क्रीन’ राहील, हे मान्य आहे. तसे असेल तर ‘सलग’ हा शब्द तरी त्याला जोडावा, कारण चाचणीतले खरे वेगळेपण त्या शब्दात आहे.

राजारामपुरीकर : ‘सलग’ हा शब्द मला पटला. रविवारी मी दिवसभर घरीच राहून पाहिले. वायफायवर, उन्हात न जाता, आठ तासांत फोन १०० वरून ४० टक्क्यांवर आला आणि त्यात स्क्रीन ५ तास २० मिनिटे चालू होती. बंद असलेल्या वेळेचे ३ टक्के वजा केले, तर पूर्ण बॅटरीवर साधारण ९ तास २० मिनिटे होतात. १३ तास तरीही झाले नाहीत.

गंगावेसकर : त्या १३ तासांमागे नेमके काय चालवले होते, ते परीक्षणात पाहा. विमान मोडवर व्हिडिओची एकच फाइल फिरवली असेल, तर आकडा फुगतो, कारण व्हिडिओ उलगडण्याचे काम चिपमधला स्वतंत्र भाग थोड्या शक्तीत करतो आणि रेडिओ बंदच असतो. आपण रविवारी काय पाहत होता?

राजारामपुरीकर : निम्मा वेळ छोटे व्हिडिओ सरकवत होतो आणि उरलेला वेळ कॅमेऱ्यातले जुने फोटो आवरत होतो. परीक्षणात ‘मिश्र वापर’ एवढेच लिहिले आहे.

शुक्रवारपेठकर : मग आता ‘मिश्र’ या शब्दाची चर्चा वेगळी करावी लागेल.