फारसी पत्र: राहनमा की मोशावेर?

मृणाल:
नमस्कार. मी इथे टोरांटोत आदिलशाही फर्मानांवर पीएचडी करतेय. गाइड इथल्याच. पण फारसी कागदांसाठी दुसऱ्या मार्गदर्शक म्हणून तेहरानच्या एका प्राध्यापिकांना विचारायचंय. पत्र फारसीत केलंय. सुरुवात 'मेहेरबान उस्ताद साहेब', पुढे 'माझ्या ओस्ताद-ए राहनमा व्हाल का?' कुणी नजर टाकेल?

सुहास:
फारसीची शिकवणी हवी असेल तर आमच्या बिल्डिंगमध्ये एक इराणी आजी आहेत, विचारू का?

अविनाशकाका:
शिकवणी नकोय रे तिला. मृणाल, छान आहे की! काबूलचे माझे सहकारी सगळ्या प्राध्यापकांना 'उस्ताद साहेब'च म्हणायचे. अर्जाची आपली भाषा निम्मी फारसीच. बिनधास्त पाठव.

नीलिमाताई:
काका, काबूलला चालेल. इराणात 'साहेब' म्हणजे मालक. 'साहेब-ख़ाने' म्हणजे घरमालक. 'मेहेरबान' म्हणजे मायाळू, अनोळखी बाईंना फार सलगीचं वाटेल. त्यांना लिहायचं 'सरकार ख़ानोम दोक्तोर' आणि पुढे आडनाव. हसू नका, तिथे बाईंना आदराने 'सरकार'च म्हणतात.

पण खरी चूक 'राहनमा'. इराणात ओस्ताद-ए राहनमा म्हणजे प्रबंधाची मुख्य गाइड. तुला हव्यात त्या 'ओस्ताद-ए मोशावेर'. तू लिहिलंस त्यातून असं वाटेल की टोरांटोच्या गाइडना सोडून तू यांच्याकडे येतेयस. आणि 'शागिर्द' लिहिलं असशील तर काढ, तो दुकानातला उमेदवार. तू 'दानेशजू', म्हणजे विद्यापीठातली विद्यार्थिनी.

मी असं लिहीन:

'बा सलाम व एहतेराम. इन्जानेब दानेशजू-ये दोक्तोरी-ये तारीख़ हस्तम. रेसाले-अम दरबारे-ये फ़रमानहा-ये आदेलशाही अस्त. ख़ाहेशमंदम दर सूरत-ए एमकान मोशावेरे-ये ईन रेसाले रा बेपज़ीरीद. बा तजदीद-ए एहतेराम.'

'दर सूरत-ए एमकान', म्हणजे शक्य असेल तर, हे गाळू नकोस. त्यांना नाही म्हणायला जागा राहते. 'इन्जानेब' म्हणजे मी, त्यानंतर तुझं नाव घाल, आणि मुख्य गाइड कोण हेही एका ओळीत सांग.

मृणाल:
बाप रे, 'शागिर्द' होतंच! ताई, 'तक़ाज़ा' चालेल का? शब्दकोशात 'विनंती' दिलंय.

नीलिमाताई:
चालेल, कार्यालयीन अर्जात असतोच. पण बाईंना 'ख़ाहेशमंदम' मऊ वाटेल.

अविनाशकाका:
म्हणजे आपला तगादा तिकडे नुसती विनंती! माझ्या भाडेकरूला सांगायला हवं. पण ताई, 'इन्जानेब' जरा सरकारी नाही का? 'मी'साठी साधं 'मन' लिहिलं तर?

नीलिमाताई:
तरुण मंडळी लिहितात तसं. पहिल्या पत्रात मी लिहिणार नाही, पण चूक म्हणवत नाही. मृणाल, आज 18 मार्च. नौरोजला विद्यापीठं बंद होतात ती 13 फ़रवर्दीनपर्यंत, म्हणजे 2 एप्रिलच्या आसपास. आत्ता पाठवलंस तर पत्र ढिगात जाईल.

सुहास:
उलट आत्ताच पाठव, सोबत नौरोजच्या शुभेच्छाही जातील!

मृणाल:
शुभेच्छांसोबत कामाचं मागायचं जिवावर येतंय. शनिवारी गाइडना विचारते.