मदत हवी आहे: व्हीपीएनवर वेग १८ एमबीपीएसवर अडकतो, दोष अंतराचा की एन्क्रिप्शनचा?

नमस्कार. पुण्यातील घरी १०० एमबीपीएसची फायबर जोडणी असून कार्यालयाचा व्हीपीएन सर्व्हर फ्रँकफर्टला आहे. नेहमीची वेगचाचणी जवळच्या सर्व्हरवर होत असल्याने ती तुलना न्याय्य नाही. म्हणून फ्रँकफर्टमधील एकाच यंत्राशी, एकाच वेळी, केबल जोडून, व्हीपीएनविना आणि व्हीपीएनसह मोजले.

```
iperf3 -c SERVER -R -t 30
iperf3 -c SERVER -R -t 30 -P 4
```

व्हीपीएनविना एका प्रवाहाला सुमारे ५५ एमबीपीएस मिळतात, आणि ते अंतराशी जुळते: पिंग १४० मिलिसेकंद आहे, त्यामुळे पोचपावती येण्याआधी १ एमबी डेटाच वाटेत राहू शकत असेल, तर कमाल वेग ५७ एमबीपीएसच्या आसपास येतो. चार प्रवाहांत तो ९० पर्यंत चढतो.

व्हीपीएनसह मात्र पिंग जेमतेम ५ मिलिसेकंदांनी वाढतो, पण वेग एका प्रवाहात १८ आणि चार प्रवाहांतही १९ राहतो. केवळ अंतर कारण असते तर प्रवाह वाढवल्यावर वेग वाढायला हवा होता. ओपनव्हीपीएन राउटरवरच चालते आणि चाचणीदरम्यान `top` मध्ये `openvpn` एक संपूर्ण कोअर व्यापते, बाकीचे तीन जवळपास रिकामे असतात. त्यामुळे माझा संशय एन्क्रिप्शनवर आहे.

सर्व्हरवरचा भार मला दिसत नाही. हेच कनेक्शन लॅपटॉपवरून चालवून वेग वाढला, तर राउटरच दोषी असे खात्रीने म्हणता येईल का? की पाकिटांचे तुकडे होत असण्याची शक्यता आधी तपासावी? अशा राउटरवर वायरगार्डमुळे प्रत्यक्ष किती फरक पडला, हे अनुभव असलेल्यांनी कृपया सांगावे.