अनुभव धागा : बातमी वाचून भरतीचा अंदाज कसा बांधता?

कंपनीला निधी मिळाला, कंपनी विस्तारतेय, अशा बातम्यांवरून अर्ज कुठे आणि कधी करायचा हे कसं ठरवता? सविस्तर लिहा.

शाईपेन : रक्कम नंतर बघा. पैसा कशासाठी आहे ते वाक्य आधी शोधा, बहुधा ते संस्थापकाच्या तोंडी असतं. जुन्या गुंतवणूकदाराने आपला हिस्सा विकला असेल, तर पैसा विकणाऱ्याला जातो, कंपनीला दमडीही मिळत नाही. मथळा मात्र तसाच दणदणीत!

समजा, घरपोच औषधं देणारी कंपनी दोन नव्या शहरांत जातेय. आधी रिक्रूटर आणि शहरप्रमुख नेमले जातात, मग गोदाम व्यवस्थापक नि फार्मासिस्ट, आणि शेवटी, सेवा सुरू व्हायच्या तोंडावर, डिलिव्हरीची माणसं. म्हणून करिअर पेजवर रिक्रूटरचीच जागा दिसली की मी ती खूण पक्की मानतो. एकट्या माणसासाठी कुणी रिक्रूटर ठेवत नाही. शहरप्रमुख रुजू झाल्याचं लिंक्डइनवर दिसलं की त्यालाच चार ओळी लिहा. त्याला टीम उभी करायची घाई असते आणि जाहिराती अजून मंजुरीत अडकलेल्या असतात.

नवखा_१ : सोपं आहे की. बातमी आली त्याच दिवशी अर्ज टाकायचा, पहिला नंबर आपला.

शाईपेन : निम्मं बरोबर. उशीर नकोच, पण बातमी हीच मुळात उशिरा येते. व्यवहार होऊन कधी कधी काही महिने उलटलेले असतात, म्हणजे वरची पदं भरलेलीही असू शकतात. शिवाय त्या दिवशी त्यांच्या इनबॉक्समध्ये जत्रा असते. आधी गेल्या दोन-तीन महिन्यांत कोण रुजू झालं ते बघा, त्यावरून भरती कुठवर आलीय ते कळतं.

मीटरगेज : कारखान्याचं गणित वेगळं. पायाभरणीच्या बातमीवर ऑपरेटरने अर्ज करून उपयोग नाही. तेव्हा सिव्हिल, प्रोजेक्ट आणि खरेदीची माणसं लागतात. मेंटेनन्सवाले यंत्रं बसताना हवे असतात, ऑपरेटर चाचणी उत्पादनाच्या थोडं आधी. यंत्रांची ऑर्डर दिल्याची बातमी आली की तारीख लिहून ठेवा. आणि 'इतके हजार रोजगार' या आकड्यात बऱ्याचदा कंत्राटदार, वाहतूकदार आणि पुढची कित्येक वर्षं असं सगळं धरलेलं असतं.

सुपारी : मग अशा कंपनीचा शेअर घ्यावा का?

मीटरगेज : धागा चुकलात.

खतावणी : मी अकाउंट्समध्ये आहे. नवं शहर, नवा कारखाना, यात आमची भरती दिसतच नाही.

शाईपेन : तुमच्यासाठी विस्तारापेक्षा निधीची बातमी कामाची. नव्या गुंतवणूकदारांना नियमित आर्थिक अहवाल लागतात, त्यामुळे फायनान्सची टीम लवकर वाढते.

मीटरगेज : नेहमीच नाही. लहान कंपन्या ते काम बाहेरच्या फर्मला देतात. आधी फायनान्स प्रमुख नेमलाय का ते तपासा.

खतावणी : आणि प्रमुख जुनाच असेल तर?