मदत हवी आहे: चुंबकाला न चिकटलेलं कडं चांदीचंच समजायचं का?

रानजाई

आजीचा दागिन्यांचा डबा माझ्याकडे आला आहे. त्यातल्या तीन वस्तूंवर मी अडले आहे.

पहिलं पांढरं, जाडजूड, भरीव कडं. हाताला चांगलं जड लागतं आणि चुंबकाला अजिबात चिकटत नाही. दुसरी पिवळी साखळी. तिचा फासा चुंबकाने टचकन ओढला. शिवाय ती दोन दिवस घातली तर मानेवर हिरवट-काळा पट्टा उमटला. तिसरी खड्याची पिवळी अंगठी, तिचं काहीच कळत नाही.

यावरून मी ठरवलं की कडं चांदीचं आणि साखळी पितळेची. साखळी बाजूला काढली आणि कडं रोज घालायला लागले. आता तिसऱ्या दिवशी मनगटाला कड्याच्या रुंदीचा लाल पट्टा आला आहे, त्यावर बारीक पुरळ आहे आणि खाज इतकी की रात्री झोपमोड होते. चांदी अशी बाधते का? तिन्ही वस्तू मला जपायच्या आहेतच, पण आहेत कशाच्या हे कळलं तर बरं होईल. घासून किंवा कापून बघायचं नाही.

पाऊलखुणा

ताई, तुमचं गणित बरोबर आहे. चुंबकाला चिकटलं की नकली, नाही चिकटलं की खरं. त्वचा हिरवी पडली की पितळ किंवा तांबं, यातही शंका नको. खाज बहुतेक कड्याखाली साबण अडकून येत असेल. खात्रीच करायची तर कड्यावर बर्फाचा खडा ठेवून बघा. चांदीवर तो भराभर वितळतो.

घडणावळ

पाऊलखुणा, बर्फाचं अर्धं खरं आहे. चांदी उष्णता फार वेगाने वाहून नेते, पण तांबंही जवळपास तितक्याच वेगाने नेतं. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्यावर बर्फ तसाच वितळेल आणि नुसत्या डोळ्यांना फरक कळणार नाही.

रानजाई, मी बरीच वर्षं मुलाम्याच्या कामात काढली आहेत. खरं सांगायचं तर मला तुमच्या दोन्ही निष्कर्षांबद्दल शंका आहे.

आधी चुंबक. सोनं, चांदी, तांबं, पितळ यांतलं काहीच चुंबकाला चिकटत नाही. त्यामुळे चुंबक फक्त आत लोखंड किंवा पोलाद आहे का एवढंच सांगतो. "चिकटलं नाही" याचा अर्थ "लोखंड नाही" इतकाच, त्यापुढे काही नाही. उलट फाशाच्या आत खटका मागे ढकलणारी बारीक स्प्रिंग असते आणि ती बहुतेक पोलादाची असते, अस्सल सोन्याच्या साखळीतसुद्धा. साखळी टेबलावर सरळ पसरा आणि चुंबक फाशापासून दूर, मधल्या कड्यांजवळ न्या. तिथे ओढ नसेल तर फाशाचा पुरावा सोडून द्या.

आता त्वचा. हिरवा डाग तांब्याचा असतो. घामाने तांब्याचे क्षार होतात आणि ते कातडीवर बसतात. पण तांबं पितळेत असतं तसंच दागिन्यांच्या चांदीतही असतं. ९२५ चांदीत हजारात ७५ भाग दुसरा धातू मिसळलेला असतो आणि तो बहुतेक तांबंच. त्यात चांदी स्वतः गंधकाने काळवंडते, म्हणून हिरवट-काळा पट्टा चांदीनेही उमटतो. तो साबणाने धुतला की जातो आणि खाजत नाही.

खाज, पुरळ आणि तेही एकदोन दिवसांनी, ही वेगळी गोष्ट आहे. माझा संशय निकेलवर आहे. कडं आजच काढून ठेवा.

सोनकी

माझ्या कानांचं हेच झालं होतं! सोन्याचं पाणी दिलेली कानातली घातली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाळी सुजायची. त्वचेच्या डॉक्टरांनी निकेलची ॲलर्जी सांगितली. एकदा झाली की जन्मभर राहते, असंही सांगितलं. तेव्हापासून साधा पट्ट्याचा बक्कलही पोटाला लागू देत नाही.

माझा एक प्रश्न आहे. माझे चांदीचे कानातले काळे पडलेत, ते कशाने उजळतील?

घडणावळ

सोनकीताई, भांड्यात अॅल्युमिनियमची फॉइल अंथरा, वर कानातले ठेवा, चमचाभर खायचा सोडा घाला आणि कढत पाणी ओता. काळेपणा फॉइलला स्पर्श होईल तिथून निघत जातो आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. खडे किंवा मोती चिकटवलेले असतील तर करू नका. पण ही परीक्षा मात्र नाही हं, चांदीचा नुसता मुलामा असला तरी तो असाच उजळतो.

रानजाई, निकेल ऐकून तुम्हाला वाटेल की निकेल तर चुंबकाला चिकटतं. शुद्ध निकेल चिकटतं. पण जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल यांचा मिश्रधातू. त्यात निकेल असूनही चुंबक त्याला धरत नाही. नावात सिल्व्हर आहे, आत चांदीचा कण नाही. दिसायला मात्र आरपार पांढरं.

दागिन्याला ओरखडा न पाडता कळायला हवं तर त्याला पाण्यात तोला. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा लागेल.

आधी वस्तू कोरडी तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. वस्तू बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल अशी लोंबती धरा, तळाला आणि कडांना टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल, तितके मिलिलिटर वस्तूचं आकारमान. कोरड्या वजनाला त्याने भागलं की घनता आली. चांदी साधारण १०.४, पितळ ८.५ च्या आसपास, जर्मन सिल्व्हर ८.६-८.७, बावीस कॅरेट सोनं १७.५ च्या वर.

हवेचे बुडबुडे हे यातलं मोठं विघ्न. साखळीच्या प्रत्येक कडीत एक बुडबुडा बसतो, आकारमान फुगतं आणि घनता उगाच कमी दिसते. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका, साखळी आत-बाहेर हलवा आणि मगच आकडा वाचा.

रानजाई

कालची संध्याकाळ यातच गेली. हात थरथरतो म्हणून पेल्याच्या वर दोन पुस्तकांच्या थप्प्यांवर पेन्सिल आडवी टाकली आणि दोरा तिला बांधला, तेव्हा आकडा स्थिर झाला.

कडं: कोरडं ३८.४० ग्रॅम, पाण्यात ४.४५. भागाकार ८.६३.

साखळी: कोरडी २१.६० ग्रॅम. पहिल्यांदा पाण्यात २.३१ आला, म्हणजे ९.३५, तो कशातच बसेना. बघितलं तर कड्यांच्या आत पांढरे ठिपके चमकत होते, बुडबुडेच. साबणाचा थेंब टाकून, नीट हलवून तीनदा मोजलं. २.०८, २.०९, २.०८. म्हणजे १०.३८!

मधल्या कड्यांना चुंबक जराही ओढत नाही, तेही बघितलं. मी विश्वास ठेवून घातलं ते कडं चांदीचं नाही आणि पितळ म्हणून बाजूला काढली ती साखळी चांदीची, असं समजू?

पाऊलखुणा

मी चुकलो, मान्य. पण चांदी पिवळी कशी असेल?

घडणावळ

चांदीवर सोन्याचा मुलामा. तो थर बहुधा एकदोन मायक्रॉनचा किंवा त्याहूनही पातळ असतो, म्हणून घनतेत जवळजवळ दिसत नाही. रानजाई, एक कडी दुसरीला जिथे घासते ती आतली वक्र बाजू मोबाइलच्या कॅमेऱ्यातून मोठी करून बघा. मुलामा सगळ्यात आधी तिथून उडतो. खाली पितळ असेल तर फिकट पिवळं दिसेल, तांबं असेल तर लालसर, चांदी असेल तर पांढरं किंवा काळवंडलेलं.

आणि कड्याच्या आतल्या बाजूला जुने ओरखडे असतील. त्यांच्या तळाशी रंग कोणता आहे? पिवळा दिसला तर पितळेवर पांढरा मुलामा, कारण त्याचीही घनता इतकीच येईल. दोन्हीकडे पांढरंच असेल तर जर्मन सिल्व्हर.

निकेल ओळखायचं तयार द्रावणही मिळतं. कापसाच्या काडीवर थेंब घेऊन आतली बाजू अर्धा मिनिट चोळायची. बोळा गुलाबी झाला तर निकेल सुटतंय.

कातळफूल

इतका खटाटोप कशाला? नायट्रिक ॲसिडचा एक थेंब टाकला की पितळ हिरवं फसफसतं, लगेच निकाल.

घडणावळ

घरात नको. त्याची तपकिरी वाफ फुप्फुसांना घातक असते आणि थेंबाचा डाग दागिन्यावर कायमचा राहतो. शिवाय मुलामा जाड असेल तर ॲसिड वरच्याच थराशी बोलतं, म्हणून आधी कानशीने खाच पाडावी लागते. रानजाईंना नेमकं तेच नको आहे.

रानजाई

साखळीच्या कड्या आतून करड्या-पांढऱ्या आहेत, दोन ठिकाणी अगदी काळ्या. फाशाशेजारी एक इवलासा शिक्का आहे, पण इतका झिजलाय की शेवटचा ५ आहे की ६ तेही सांगता येत नाही.

कड्याच्या आत एक खोल ओरखडा आहे. टॉर्च तिरपी धरून बघितलं, तळापर्यंत पांढरा. द्रावण मागवलं होतं, ते आज आलं. बोळा पंधरा सेकंदांतच फिकट गुलाबी आणि मग चांगला गडद झाला. पुरळ आता उतरतंय, खाज थांबली आहे.

राहिली अंगठी. ३.१० ग्रॅम, पाण्यात कधी ०.३६, कधी ०.३९.

घडणावळ

मग कडं जर्मन सिल्व्हरच. कापडात गुंडाळून ठेवा, अंगावर नको. साखळीबद्दल माझं मत चांदीवर मुलामा असंच आहे. शिक्का वाचता आला असता तरी मी आधी घनतेवरच विश्वास ठेवला असता, कारण ९२५ कोणीही कशावरही ठोकू शकतो.

अंगठीचं मात्र या काट्यावर जमणार नाही. तुमच्याच दोन आकड्यांतून एकदा ८.६ येते आणि एकदा ७.९, कारण इतक्या लहान वस्तूत ०.०३ ची चूकही मोठी होते. त्यात खडा धातूपेक्षा खूप हलका, तो घनता खाली ओढतो. तिच्या पट्टीची खालची, तळहाताकडची बाजू झिजलेली आहे का?

रानजाई

आहे, पण तिथेही पिवळीच आहे. जरा लालसर पिवळी.

सोनकी

मग सोनं असेल का?

घडणावळ

असू शकतं, तांबं जास्त असलेलं कमी कॅरेटचं सोनं तसं दिसतं. जाड मुलाम्याखालचं तांबंही तसंच दिसतं. कस तपासणाऱ्याकडच्या एक्स-रे यंत्रावर न्या, वस्तूला धक्का लागत नाही. फक्त ते यंत्र वरचा पातळ थरच वाचतं, म्हणून झिजलेली बाजूच यंत्रासमोर धरायला सांगा आणि एक मापन न झिजलेल्या बाजूचंही घ्या. दोन आकडे वेगळे आले तर मुलामा.

रानजाई

पुढच्या आठवड्यात नेते. दोन्ही आकडे इथेच लिहीन.