मदत हवी आहे: ड्रॉपडाऊन लावलं तरी खर्चाची नावं वेगवेगळी येऊ लागलीत

राम राम मंडळी, आमच्या गावात (जिंतूर तालुका) सप्ताहाचा हिशोब गूगल शीटमध्ये ठेवलाय, अन् 11 जण आपापल्या मोबाईलवरून खर्च भरायलेत. पहिले सगळे मनानं लिहायचे, कुणी मंडप, कुणी मांडव, कुणी मंडप लिहून पुढं एक स्पेस, त्यामुळं मंडपाचे खरे 38,500 असताना SUMIF 26,000 च दाखवायचं, कारण 9,000 मांडवात गेले अन् 3,500 त्या स्पेसमुळं राहिले, स्पेस तर डोळ्याला दिसत पण नाही.

मग मी 'यादी' नावाची वेगळी शीट केली, त्यात नावं टाकली, खर्चाच्या कॉलमला डेटा व्हॅलिडेशन लावून ड्रॉपडाऊन त्या रेंजवरून घेतला अन् यादीबाहेरचं काही टाकलं तर Reject the input ठेवलं. हाताने टाईप केलेलं अडतंय, पण लोकं आपल्या जुन्या शीटमधून सेल कॉपी करून पेस्ट करतात, तिथं ड्रॉपडाऊनच उडून जातो! यादीची शीट प्रोटेक्ट केलीय, पण खर्चाचा कॉलम प्रोटेक्ट केला तर भरणार कोण?

सध्या शेजारच्या कॉलममध्ये हे लावलंय:

```
=IF(C2="","",IF(COUNTIF('यादी'!A:A,C2)=0,"तपासा",""))
```

चुकलेली ओळ कळते, पण दुरुस्ती रोज रात्री मलाच करावी लागतेय. पेस्ट केलं तरी ड्रॉपडाऊन टिकेल असं काही आहे का, की सगळ्यांना फॉर्मवरूनच भरायला लावू? फॉर्म केला तर यादीत नवीन नाव आलं की तिथं पण हाताने टाकावं लागंल ना? कुणी केलं असंल तर सांगा राव.