जबड्याच्या कडेने रेघ? दाढीवाल्यांनो, भांडायला या

खाडीकिनारी: दाढी ठेवताय ना, मग जबड्याच्या कडेने रेघ मारा आणि खालचं सगळं साफ करा. गालावरही सरळ रेघ हवी. आपल्याकडे लोक मानेपर्यंत झुडूप वाढवून फिरतात, गबाळे दिसतात.

सुपारीची बाग: लांबलचक लिहितोय, कारण याच सल्ल्याने मी एकदा तोंडघशी पडलोय. गुहागरला चुलतभावाचं लग्न होतं. आदल्या रात्री ट्रिमर घेतला, जबड्याच्या हाडाबरोबर रेघ मारली. आरशात मस्त. फोटो आले तर वाकून नमस्कार करताना हनुवटीखाली दुसरी हनुवटी! हाडाखालची दाढी गडद असते, तिच्यामुळेच जबडा उठून दिसतो. ती काढली की उघडी कातडी आणि मांस दिसतं. बरं, चूक दुरुस्तही लवकर होत नाही. केस दिवसाला जेमतेम तिसरा हिस्सा मिलिमीटर वाढतो, सहा मिलिमीटर परत यायला अडीच आठवडे गेले. तोवर मफलर. मे महिन्यात!

आता असं करतो. मान सरळ, नजर समोर. कंठमण्याच्या वर दोन बोटं आडवी ठेवायची. वरच्या बोटाची वरची कड हा रेघेचा सर्वांत खालचा बिंदू. तिथून दोन्ही बाजूंना कानामागच्या दिशेने वर चढणारी सैल कमान. मधून सुरू करून एकेक बाजू. आधी रेघ मुद्दाम अर्धं बोट खाली ठेवायची, मान हलवून बघायची, मगच वर सरकायचं.

खाडीकिनारी: म्हणजे मी मूर्ख? माझा जबडा बारीक आहे, तीन-चार दिवसांची खुरटी दाढी असते. मला जबड्याची रेघ शोभते. सगळ्यांना तुमचीच दोन बोटं का?

सुपारीची बाग: शोभत असेल. खुरट्या दाढीत आणि बारीक चेहऱ्यावर चालूनही जातं. पण तुम्ही 'सगळ्यांनी' म्हणून लिहिलंत, तिथेच माझं डोकं फिरलं.

आंबोळी: माका सांगा, माझ्या गालार केसच येनत नाय, तेल खयचा लावू?

सुपारीची बाग: गाववाल्या, विषय रेघेचा चाललाय. पण तुला एक सांगतो, विरळ गालावर रेघ खोल घेऊ नको. उरलेलंही जाईल.

लाल माती: खरं दुखणं सलूनवाला आहे. खुर्चीत बसवून मान मागे टाकतो, गळा ताणतो आणि रेघ मारतो. मान सरळ केली की ताणलेली कातडी खाली येते आणि रेघ कुठल्या कुठे! तीनदा सांगितलं "सरळ बसून काढ", तर म्हणतो "साहेब, वीस वर्षं हेच करतोय."

चाकरमानी_लालबाग: मुंबईत असं होत नाही. इथे आधी विचारतात.

लाल माती: झाली सुरुवात! गणपतीच्या आठ दिवस आधी तुम्ही सगळे गावात उतरता आणि आमचा नंबर तीन तासांवर जातो. त्या घाईत एकच ब्लेड किती जणांच्या मानेवर फिरतं ते बघत बसतो मी.

चाकरमानी_लालबाग: आम्ही येतो म्हणून त्याचं सलून वर्षभर चालतं. आभार माना.

लाल माती: आभार? माझ्या मानेवरच्या पुळ्यांनी मानले.

मीठ आणि घाम: पुळ्यांवरून आठवलं. मानेवरचे केस सगळे खाली वळत नाहीत, कानाकडे आडवे, कधी वरही वाढतात. ब्लेड उलटं फिरवलं की टोक कातडीत वळून आत जातं आणि दमट हवेत घामाने ते चिघळतं. बोट फिरवून दिशा बघा, ज्या बाजूला खरखरत नाही तिकडेच ब्लेड न्या. मी तर ब्लेड सोडलंच, बिनकंगव्याचा ट्रिमर. थोडी खुंटी राहते, चालतं.

सुपारीची बाग: हे बरोबर, मी लिहायला हवं होतं. शिवाय रेघेच्या वर बोटभर पट्टा छोट्या कंगव्याने मारला तर कड रंगवल्यासारखी दिसत नाही.

खाडीकिनारी: आता गालाचं बोला की. तिथे तरी सरळ रेघ मान्य?

मीठ आणि घाम: नाही. केस जिथे दाट व्हायला लागतात ती नैसर्गिक सीमा धरायची आणि वरचे सुटे केस तेवढे काढायचे. दोन्ही गाल जुळवायला गेलात की डावा खाली, मग उजवा, मग परत डावा. मी एकदा ओठांच्या कोपऱ्यापर्यंत पोचलो होतो.

लाल माती: मला सरळच आवडते. कल्ल्यापासून मिशीच्या टोकापर्यंत. हौस म्हणा.

खाडीकिनारी: ठीक आहे, आज दोन बोटं ठेवून बघितली. फार वाईट नाही. बायको म्हणाली, "आता माणसासारखा दिसतोस." तुमच्यामुळे नाही, ट्रिमर नवीन आहे.

चाकरमानी_लालबाग: लाल माती, यंदा तुमच्या आधी नंबर लावणार हं.