शाळेबद्दल लिहिताना एका तक्रारीला किती जागा द्यायची?

तिसरीची आई
ओळखीतले काही पालक आमच्या शाळेत प्रवेश घ्यायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी सविस्तर अभिप्राय लिहायचा आहे. शिकवणं चांगलं, मैदान आणि वाचनालय छान, सूचना वेळेवर येतात. पण सुट्टीच्या घंटेला जिन्यात ढकलाढकली होऊन मुलीचं मनगट मोडलं आणि आमच्या तक्रारीला उत्तर मिळायला तीन आठवडे गेले. बाकी सगळं बरं असताना ही एक गोष्ट ठळकपणे लिहावी का?

दहावीचा बाबा
नका लिहू. मुलं पडतात, लागतं, बरी होतात. नवीन पालकांना शिकवणं कसं आहे ते हवं असतं आणि ते निकालात दिसतं. एका अपघातावरून शाळेचं नाव खराब होईल.

निवृत्त पर्यवेक्षिका
दहावीचे निकाल तिसरीच्या वर्गाबद्दल फार थोडं सांगतात. वरच्या वर्गांत बरीच मुलं शिकवण्या लावतात, काही शाळा तर नववीतच कच्ची मुलं गाळतात. ताई, शिकवण्याबद्दल लिहायचं असेल तर वह्या बघा, आणि हुशार मुलीची नको, मधल्या मुलाची बघा. चुकीवर लाल खूण आहे, पण खाली ते गणित पुन्हा सोडवून घेतलंय का? पुढच्या महिन्यात तीच चूक परत दिसते का? नुसत्या बरोबरच्या खुणा आणि सह्या असतील तर वही तपासली गेली, एवढंच म्हणता येईल.

आता तक्रारीचं. ती जरूर लिहा, पण मनगट मोडणं आणि तीन आठवडे लागणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. अपघात कुठल्याही शाळेत होऊ शकतो. त्यानंतर काय घडलं, ते वाचणाऱ्याला तुमच्याशिवाय कुणी सांगणार नाही. कुणाला कधी सांगितलं, तोंडी की लेखी, पोच मिळाली का, चौकशी कुणी केली आणि शेवटी जिन्यावर काय बदललं, हे क्रमाने लिहा. ‘शाळा बेजबाबदार आहे’ या वाक्यातून नवीन पालकाला काहीच कळत नाही.

वर्गशिक्षक
मी शिकवतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. अशा प्रकरणात दोन्ही मुलांशी वेगवेगळं बोलावं लागतं, दोन्ही घरच्यांना बोलवावं लागतं, त्या वेळी ड्यूटीवर कोण होतं ते बघावं लागतं. तीन आठवडे फार नाहीत. आणि दुसऱ्या मुलावर काय कारवाई झाली हे आम्ही सांगू शकत नाही. पालकांना वाटतं शाळा लपवते आहे. तेही आठ वर्षांचं लेकरूच आहे हो. अभिप्रायात इयत्ता आणि महिना लिहिलात तर अख्खी शाळा त्याला ओळखेल.

निवृत्त पर्यवेक्षिका
सर, दुसऱ्या मुलाबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. त्याला काय शिक्षा झाली हे न सांगणं हा शाळेचा दोष नाही, आणि ताईंनी तसं लिहूही नये. ढकलणाऱ्याचा उल्लेखच टाळावा, ‘जिन्यात गर्दी झाली’ एवढं पुरे.

तीन आठवड्यांचं मात्र पटत नाही. चौकशीला वेळ लागतो, पोच द्यायला लागत नाही. ‘तक्रार मिळाली, अमुक व्यक्ती बघते आहे, अमुक दिवसापर्यंत कळवू’ हे दुसऱ्या दिवशी लिहून देता येतं. आणि जिना चौकशीसाठी थांबत नाही, मुलं दुसऱ्या दिवशी त्याच घंटेला तिथूनच उतरतात. तळमजल्याचे वर्ग आधी सोडायचे, वरचे पाच मिनिटांनी. वळणावर एक मोठं माणूस उभं करायचं. याला खर्च नाही की समितीची परवानगी नाही. ताई, हे त्या आठवड्यात झालं का? माझ्या मते तुमच्या अभिप्रायातलं सगळ्यात मोलाचं वाक्य याच उत्तरात आहे.

तिसरीची आई
पहिल्या दिवशी वर्गशिक्षिकेला तोंडी सांगितलं, त्या ‘बघते’ म्हणाल्या. चार दिवस वाट पाहून मुख्याध्यापकांना लेखी दिलं. पोच मागितल्यावर शिक्का मारून मिळाली. मग शांतता. तीन आठवड्यांनी बोलावलं, नीट बोलले, दिलगिरीही व्यक्त केली. त्यानंतर जिन्यावर एक मावशी उभ्या राहायला लागल्या, आजही असतात. वर्ग मात्र अजून एकाच घंटेला सुटतात.

काळजीवाहू
आमच्या शाळेत सगळीकडे कॅमेरे आहेत, त्यामुळे हे प्रश्नच येत नाहीत. नवीन पालकांनी आधी कॅमेरे विचारावेत.

निवृत्त पर्यवेक्षिका
कॅमेरे असावेत, पण कॅमेरा ढकलणाऱ्याला थांबवत नाही, काय झालं ते नंतर दाखवतो. तेही चित्रण शिल्लक असेल तर. साठवणीची जागा भरली की जुन्यावर नवीन चित्रण चढतं. ते किती दिवस टिकतं, हे प्रत्येक शाळेत वेगळं. म्हणून तक्रार तोंडी ठेवून वाट बघण्यात धोका असतो. ‘या वेळेचं चित्रण जपून ठेवा’ हे त्याच दिवशी लेखी मागावं. नवीन पालकांनीही शाळेत एवढंच विचारावं की चित्रण किती दिवस राहतं आणि ते बघायची परवानगी कोण देतं. चटकन उत्तर आलं तर कुणीतरी ते खरंच वापरतं असं समजायला हरकत नाही.

बसची वाट
आमची बस रोज उशिरा येते, ड्रायव्हर फोन उचलत नाही. अशा शाळेतून मुलाला काढावं का? कुणी सांगेल का?

तिसरीची आई
शाळा सोडायचा विषय नाहीये इथे, पण बसबद्दल तुम्हीही लेखी द्या. तारखा आणि वेळा लिहून ठेवा.

दहावीचा बाबा
ठीक, जिन्याचं लिहा. पण मग मावशी उभ्या राहायला लागल्या हेही त्याच परिच्छेदात आलं पाहिजे. लोक चिडून लिहितात ते अर्धंच असतं.

निवृत्त पर्यवेक्षिका
हे अगदी बरोबर बोललात. शिवाय तुमचा अनुभव कोणत्या वर्गांपुरता आहे, तेही सांगा. एकाच शाळेत पहिलीची शिक्षिका उत्तम आणि सहावीचे गणिताचे सर वर्गात उशिरा येणारे, असं सर्रास असतं. ‘सूचना वेळेवर येतात’ हेही थोडं उलगडा. सहल आणि गणवेशाचे निरोप वेळेवर पाठवणं सोपं. मुलीला लागल्याचं कुणी, किती वेळात कळवलं?

तिसरीची आई
शाळेकडून फोन आलाच नाही. ती घरी आली तेव्हा हात सुजलेला होता. शाळेत बर्फ लावला होता म्हणाली.

निवृत्त पर्यवेक्षिका
मग ताई, तीन आठवड्यांपेक्षा हे गंभीर आहे. बर्फ लावला म्हणजे कुणाला तरी माहीत होतं. प्रथमोपचाराच्या वहीत त्या दिवशीची नोंद आहे का, ते विचारा. नोंद असेल आणि फोन केला नसेल, तर घरी कळवायचं काम कुणाचं हे तिथे ठरलेलंच नाही. नोंदच नसेल तर वही फक्त दाखवण्यापुरती आहे. सुरक्षेबद्दल मी याच मुद्द्याला सगळ्यात जास्त जागा देईन, मैदान-वाचनालयाला दोन ओळी पुरतात.

वर्गशिक्षक
फोन करायलाच हवा होता, यात वाद नाही. तरीही माझा आग्रह आहे की छापण्याआधी हा मजकूर मुख्याध्यापकांना दाखवा. त्यांची बाजू कळेल.

काळजीवाहू
अजिबात दाखवू नका. मूल त्याच शाळेत आहे, उद्या वर्गात त्याचा राग निघाला तर?

वर्गशिक्षक
असा राग काढणारे शिक्षक मी पाहिलेले नाहीत.

काळजीवाहू
मी पाहिलेत.

तिसरीची आई
दाखवायचं की नाही ते ठरवलेलं नाही. उद्या आधी ती वही बघायला मागते. नोंदीचं काय निघतं ते इथे लिहीन, अभिप्राय त्यानंतरच.